लोहाच्या गोळ्या आणि जाऊबाई

पहिल्या खेपेला दिवस गेले, तेव्हा मला वैरागला आईकडे जायची फार ओढ लागली होती. पण सोलापूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अकराच्या वर हवं. वाढायला लागल्याशिवाय माहेरी जाऊ देणार नाही." त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या.

रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळायचं. शौचाला काळं झालं, तेव्हा पोटातून रक्त जातंय असं वाटून मी गोळ्याच बंद केल्या. थोरल्या जाऊबाईंना कळलं, तशा त्या मला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या.

"लोहानं काळंच होतं. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चहा आणि दूध मात्र दोन तास लांब ठेवा."

त्यानंतर जाऊबाई हरभऱ्याच्या भाजीवर लिंबू पिळून वाढायच्या आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मला मोह नको म्हणून स्वतःचा चहाही दोन तास मागं ढकलायच्या. "आईकडं जायचं हाय न्हवं? मग गीळ की."

महिन्याभरात हिमोग्लोबिन साडेनऊ झालं. गोळ्या बरोबर देऊन त्यांनीच मला एसटीत बसवलं. आईच्या घरी सगळं होतं, पण जेवण झालं की मला त्यांचीच आठवण यायची.

परवा नातीचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन बारा, पण फेरिटिन फक्त नऊ, म्हणजे अंगातला लोहाचा साठा रिकामा. या तपासणीचं नावही आमच्या वेळी कुणी ऐकलं नव्हतं. जाऊबाईंना हे सांगावंसं वाटलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.