मापाचा ब्लाउज आणि माझं जाहीर उत्तर

सेलूच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. बायकांचे ब्लाउज शिवते, आणि तोंडही माझं मशीनसारखंच चालतं. मोबाईलच्या नकाशात दुकान टाकून दिलं ते पोरीनं. तिथं लोक तारे देतात, चांगलं-वाईट लिहितात. चांगलं लिहिलेलं मी दहा-दहा वेळा वाचायची, वाईट लिहिण्याची कुणाची हिंमत होणार नाही अशी माझी खात्री होती.

लगीनसराईच्या तोंडावर एका बाईनं एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘ब्लाउज बगलेत तंग. हात वर होत नाही. मापाचा ब्लाउज परत दिला नाही. विचारलं तर उलट बोलतात.’

मापाचा ब्लाउज म्हणजे अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज. आमच्याकडे बहुतेक बायका टेपनं माप देत नाहीत, असा एक ब्लाउज आणून टाकतात आणि म्हणतात, अगदी अस्सा शिवा.

मी उलट बोलते हे वाचून मला इतका राग आला, की मी ताबडतोब उलट बोलले. तेही सगळ्या गावाला दिसेल असं. लिहिलं, ‘ब्लाउज दिलेल्या मापाचाच आहे. मापाचा ब्लाउज त्याच दिवशी पिशवीत घालून दिला आहे. दिवाळीत आपली छाती छत्तीस होती, आता किती आहे ते आपण घरी मोजून पाहावे.’ वर ‘आपण’ लिहिलं म्हणून ते सभ्य झालं, अशी माझी समजूत. चहा मागवला आणि समाधानानं प्यायले.

कप खाली ठेवते न ठेवते तोच पोरीचा फोन आला. ती परभणीला एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. रागावलेल्या पेशंटनं काही लिहिलं की उत्तर द्यायचं काम तिच्याकडेच असतं.

“आई, ते आधी काढ.”

“का? खरं हाय ते.”

“अगं, त्या बाईचं नाव हाय तिथं आणि तू खाली तिची छाती लिहिलीस! आमी पेशंटचा साधा ताप पण लिहीत न्हाई.”

मी काढलं. तोवर समोरच्या लेस-बटनवाल्यानं वाचून झालं होतं. तो दिवसभर माझ्याकडे बघून मिशीत हसत होता.

संध्याकाळी पोरीनं शिकवणी घेतली. ती म्हणाली, उत्तर त्या बाईसाठी असतंच, पण उद्या दुकान शोधणारी दुसरी बाई ते आधी वाचते. गिऱ्हाइकाचं माप, घरचं काही लिहायचं नाही. आपलं काय चुकलं ते नेमकं लिहायचं, काय करून देणार ते लिहायचं, नंबर द्यायचा. पुढचं बोलणं फोनवर. तिथं भांडत बसायचं नाही.

“पण माझं चुकलंच न्हाई तर काय लिहू?”

“आधी बघ तर चुकलं का न्हाई.”

मी बघायला उठले. उठतानाच तो मापाचा ब्लाउज कुठे आहे हे मला एकदम आठवलं. कापायच्या टेबलाच्या खणात, कागदांच्या खाली.

झालं असं होतं, की तो ब्लाउज मी पाहिला आणि थक्क झाले. जुना, साधा सुती. पण बगलेला एक सुरकुती नाही, खांद्यावर उतरताना कापड जणू अंगावरच वाढलेलं. वीस वर्षं शिवतेय, मला अशी बगल कधी जमली नाही. मनात म्हटलं, याचा कागदी फर्मा काढून ठेवू. शिवणीशिवणीवर टाचण्या टोचून कागदावर उतरवला. त्याच फर्म्यावरून त्या बाईचा ब्लाउज कापला, आणि शिलाईत जाणारं अर्धा इंच कापड सोडायला विसरले. पहिल्या महिन्यात शिकणारी पोरगीही करणार नाही अशी चूक. आत दाबलेलं कापडच नाही म्हटल्यावर उसवून सैल तरी कुठून करणार?

उत्तर चार वेळा लिहिलं. पोरीनं चारही वेळा त्यातला माझा मोठेपणा खोडला. शेवटी राहिलं ते एवढं: ‘तुमची तक्रार बरोबर आहे. कापताना बगलेत शिलाईचं कापड सोडलं गेलं नाही, म्हणून ब्लाउज तंग झाला. चूक माझी. मापाचा ब्लाउज नजरचुकीने दुकानातच राहिला होता, तो सापडला आहे. तुमच्याशी नीट बोलले नाही, माफ करा. पैसे न घेता दुरुस्त करून किंवा नवा शिवून देते. दुकानाच्या नंबरवर फोन करा, मी स्वतः बोलेन.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला.

“ताई, तुमी लिहिलेलं वाचलं. रविवारी भाचीचं लग्न हाय, तोच ब्लाउज घालायचाय. व्हईल का?”

“व्हईल. बगलेत कापडाची तिकोनी कळी घालते, दिसणार बी न्हाई.”

ती म्हणाली, “तंग झाला त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. दोनदा विचारलं तर तुमी म्हणालात, दिलाय की, घरी हुडका. मी सगळं घर हुडकलं. मग सासूबाईला बोलले, तुमीच चिंध्यात टाकला म्हणून. लय बोलले. आठ दिस झाले, त्या माझ्याशी बोलायल्या न्हाईत. त्यांच्याच हातचा व्हता तो. आता त्यांना दिसत न्हाई नीट, शिवणं बंद झालंय.”

मी म्हटलं, “घरीच येते मी.”

जीपनं त्यांच्या गावी गेले. म्हातारी ओसरीवर बसली होती. सून दारात उभी, दोघींत चांगलं दहा हातांचं अंतर. मी ब्लाउज म्हातारीच्या हातात दिला आणि म्हटलं, “हा माझ्याकडंच व्हता. सूनबाईचा काई दोष न्हाई, तुमचा बी न्हाई.”

तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग मांडीवर ठेवून बोटांनी चाचपला. खांदा, बाही, बगल. बोट बगलेच्या शिवणीवर हळूहळू फिरलं आणि थांबलं.

“नातीनं वाचून दाखवलं तुमचं. नजरचुकीनं राहिला म्हणून.”

“हो.”

“टाचण्या टोचल्यात हितं. सगळ्या शिवणीला. उतरवून घेतला न्हवं?”

सून माझ्याकडे बघायला लागली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चुकीबद्दल माफी मी सगळ्या तालुक्यासमोर मागितली होती, चोरी तेवढी झाकून.

“व्हय,” मी म्हटलं. “अशी बगल मला येत न्हाई.”

“मग मागायचं की बाई,” म्हातारी म्हणाली. “शिकवलं असतं. इतकी वर्सं शिवलं, कुणी इचारलंच न्हाई.”

सून पुढे आली आणि सासूशेजारी बसली. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, मुद्दामच. मी मोबाईल काढला, माझ्या उत्तरातलं ‘नजरचुकीने दुकानातच राहिला होता, तो सापडला आहे’ खोडलं आणि लिहिलं, ‘कटिंग आवडलं म्हणून न विचारता ठेवून घेतला होता.’ म्हातारीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “आता कात्री आणा.”