आत्याने घेतलेला मांगटिका

ताई गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिच्या दिवसकार्याच्या वेळी भेटायला आलेल्या एका बाईने माझ्यासमोर बसून, चहाचा कप खाली न ठेवता, सांगितलं की या मरणाची चाहूल तिला ताईच्या लग्नातच लागली होती. "भर मांडवात कपाळावरचं सोनं गळलं होतं ना वं तिचं. तवाच म्हटलं मी." लग्नानंतर ताईने वीस वर्षं संसार केला, दोन मुलं मोठी केली, शाळेत शिकवलं. म्हणजे हा अपशकुन चांगलाच आळशी निघाला. अशा माणसांशी मी बोलत नाही. पण तेव्हा काय घडलं ते कुणीतरी नीट लिहून ठेवावं असं मात्र वाटलं.

लग्नाच्या आदल्या वर्षी ताईला टायफॉइड झाला होता. ती वाचली, केस गेले. पुन्हा आले ते वीतभर आणि विरळ. भांग पाडला की डोक्याची कातडी दिसायची. मुलाकडच्यांना आजार ठाऊक होता, मुलाने स्वतः केस पाहिले होते आणि त्याची ना नव्हती. तरी ताईची एकच इच्छा होती. भर मांडवात, दोन गावच्या माणसांसमोर, आपलं हे डोकं उघडं पडू नये. ती तसं फार बोलून दाखवत नसे. फक्त पदर सारखा करत राहायची.

दागिन्यांचं काम आत्याने हाती घेतलं होतं. तिने आपल्या जुन्या बांगड्या मोडायला काढल्या होत्या, त्यामुळे तिच्यापुढे वडीलही तोंड उघडत नसत. आत्याला सोन्यातलं फार कळतं असा घरात समज होता. तिचं कळणं म्हणजे वस्तू तळहातावर घ्यायची, हात दोनदा वरखाली करायचा आणि तोंड वाकडं करायचं. सुंदर काय हे तिने आयुष्यात पाहिलं नाही. जड काय हे मात्र डोळे मिटून सांगितलं असतं. त्यात ताईची सासू कामठीची, आणि त्यांच्याकडे रीत अशी की सून घरात आली की सासू तिच्या कपाळावरचा मांगटिका चार बायकांसमोर काढून हातावर तोलून पाहते. या रीतीबद्दल आत्या आदराने बोलायची. मला गुरांच्या बाजाराची आठवण व्हायची, पण तिथे निदान दात बघतात.

आम्ही तिघी इतवारीत सराफ्यात गेलो. गादीवर बसलेल्या सराफाने दोन मांगटिके समोर ठेवले. एक जाळीचा, हलका, पाठ सपाट, भांगावरच्या साखळीखेरीज दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या बारीक मोत्यांच्या सरी. दुसरा भरीव, रुपयाएवढा घुमट, कडेला घुंगरू आणि एकच जाड साखळी.

ताईने हलका उचलला. आरशासमोर साखळी भांगावर ठेवली, मागचा आकडा टाळूशी बोटाने दाबून धरला आणि मान खाली घातली, पाया पडताना घालतात तशी. मग डावीकडे, मग उजवीकडे. पदक जागचं हललं नाही. दुसऱ्याची तिने तशीच परीक्षा घेतली. साखळी तिच्या भांगापेक्षा लांब होती, म्हणून पदक भुवयांपर्यंत उतरलं. आणि पाठ गोल असल्यामुळे मान हलली की ते लोळून उलटं व्हायचं.

"याचं सगळं वजन एका आकड्यावर येतं," ती म्हणाली. "माझ्या केसांत तो आकडा धरणार नाही. याला सरी आहेत, वजन तीन ठिकाणी वाटलं जातं."

"तुले काय समजते वं?" आत्या म्हणाली. "ती तं टिकली आहे टिकली. फुंकर मारली तं उडून जाईन. तुझी सासू हातात घेईन अन् विचारीन, सोनं कुठं आहे म्हणून."

"बाई सही बोलतात," सराफ म्हणाला. त्याला ज्या बाजूला वजन त्या बाजूचं सगळं सहीच वाटायचं. "भारी माल आपल्या वजनानेच बसून राहते. हल्का उडते."

जड वस्तू डोक्याच्या उतारावर आपल्या वजनाने बसून राहते हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी त्याच्या मागे लावलेल्या लक्ष्मीकडे पाहिलं. तीही गप्प होती.

"साखळी तरी दोन कड्या कमी करून द्या," ताई म्हणाली.

"कमी?" आत्या दचकलीच. "सोनं कमी करायले सांगून राहिली पोरगी! लोक वाढवतात."

अंबाड्याच्या पिनांचंही तेच झालं. ताईने नागमोडी तारांच्या, बारीक फुलांच्या पिना मागितल्या. सरळ गुळगुळीत तार विरळ केसांतून घसरते, नागमोडी धरून राहते. आत्याने पाच मोठी सोन्याची फुलं घेतली, सुपारीएवढी, सरळ तारांची. "तारेकडे कोण पाहते गा?" असं तिने सराफाला विचारलं, आणि दोघं हसले.

लग्नाच्या सकाळी आत्याने ताईचं डोकं सजवायला घेतलं. तिच्याबरोबर शेजारच्या तीन-चार बाया होत्या. लग्नघरात कामाला माणूस मिळत नाही, पण नवरीच्या डोक्याभोवती मात्र गर्दी होते. अंबाड्यासाठी गंगावन आणलं होतं. ताईचे स्वतःचे केस मागे ओढून त्याची लिंबाएवढी गुंडी केली, तिच्यावर गंगावन काळ्या दोऱ्याने बांधलं, त्याचा भलामोठा अंबाडा वळला आणि त्यात ती पाच फुलं खोचली. फुलं गंगावनात छान बसली. गंगावन मात्र त्या गुंडीवर लटकलेलं होतं.

मग मांगटिका. आकडा टाळूवर घातला तर केसांतून निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. ताई म्हणाली, "टाळूवरच्या केसांची बारीक वेणी घाला, तिच्यात आकडा अडकवा आणि वर दोन पिना फुलीसारख्या लावा."

"थांब वं, मले शिकवू नको. छप्पन्न नवऱ्या सजवल्या म्या."

आत्याने आकड्याला काळा दोरा बांधला, दोरा डोक्यावरून मागे नेला आणि गंगावनाच्या बुडाशी करकचून गाठ मारली. मांगटिका झटकन वर चढला आणि भांगाच्या तोंडाशी ताठ उभा राहिला. बाया म्हणाल्या, वा. वरून मुंडावळ्या बांधल्या, त्यांच्या मोत्यांत मांगटिक्याचे घुंगरू जाऊन बसले. कुणी सोडवले नाहीत. उलट बरं धरलं म्हणाल्या.

ताई आरशात बघत होती. "आत्या, हे सगळं एकमेकांना बांधलं गेलं आहे. पुढून ओढलं की मागचं पण येईल."

"कोण ओढते तुले? नवरी आहेस का बैल?"

एक बाई म्हणाली, "अन् मान ताठ ठेवजो. खाली पाहायचंच नाही." लग्न लागेपर्यंत नवरीने मान खाली ठेवावी असं त्याच बाईने आदल्या दिवशी शिकवलं होतं.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. अक्षता टाकणं वेगळं आणि गोफण मारणं वेगळं हे आमच्याकडच्या तरुणांना माहीत नाही; तांदूळ ताईच्या कपाळावर सडासड लागत होते, पण दोरा टिकला. अंतरपाट दूर झाला. ताईने हार घातला. मग नवऱ्याने आपला हार तिच्या डोक्यावरून खाली आणला आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या मित्रांनी, ज्यांच्यात एक वकील आणि दोन पदवीधर होते, त्याला कमरेला धरून वर उचललं. त्यात विनोद काय असतो हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. हार अजून त्याच्या हातात होता. हाराला जरीची तार गुंडाळली होती, ती घुंगरात अडकली. नवरा वर गेला, हार वर गेला, मांगटिका वर गेला. दोरा ताणला, आणि मागून अंबाडा, मुंडावळ्या, सगळं निघून हाराला लोंबू लागलं, आणि सरळ तारांची ती फुलं अंबाड्यातून निसटून चहूकडे उडाली.

ताई उभी होती. वीतभर केस चारी बाजूंनी उभे, मधे पांढरी कातडी, आणि भांगाच्या तोंडाशी घुंगराने ओरखडल्याचं रक्त. तिला जे नको होतं ते सगळं, तिला जिथे नको होतं तिथेच.

मग आत्या ओरडली, "फुलं! फुलं पाहा वं, पाच आहेत!" आणि जमलेल्या बाया सतरंजीवर बसून शोधायला लागल्या. अक्षतांच्या खाली, पाटाच्या मागे, एकमेकींच्या पदरांत. "चार सापडले, चार!" "पाय उचला ना गा भटजी!" नवरीकडे कुणी पाहत नव्हतं. ती उघडी पडेल म्हणून आम्ही वर्षभर भीत होतो, आणि प्रत्यक्षात लोकांना तिच्या डोक्यापेक्षा तिच्या फुलांची काळजी होती. इतक्या हलक्या माणसांना आम्ही घाबरलो होतो.

नवरा धडपडत खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने हारातून तो गुंता सोडवायचा प्रयत्न केला, पण सुटेना. ताईने तो सगळा गुंता हारासकट त्याच्या हातातून घेतला, आत्याच्या ओंजळीत ठेवला, मला म्हणाली, "ओला रुमाल दे," आणि कपाळ पुसलं. मी पदर तिच्या डोक्यावर ओढू लागले, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. मग भटजींकडे वळून, "पुढचं चालू करा. उशीर होतो आहे."

सप्तपदीच्या आधी सासू जवळ आली. पाचवं फूल तेव्हा नुकतंच सापडलं होतं आणि लोकांना पुन्हा श्वास घेता येत होता. सासू म्हणाली, "सूनबाई, गंगावन पुन्हा लावून घ्या. मांगटिका घालूनच गृहप्रवेश करायचा आहे. बायका जमून राहिल्या घरी, त्यांच्यासमोर मले तो काढावा लागते."

"तुम्हाला तोलायचाच आहे ना," ताई म्हणाली, "तर आत्याकडून आताच हातावर घ्या. जड आहे. माझी खात्री झाली आहे."

सासूने खरोखरच आत्याकडे जाऊन मांगटिका हातावर घेतला, हात दोनदा वरखाली केला आणि समाधानाने मान डोलावली. आत्याचा चेहरा फुलला. दोघी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसल्या.

ताई सप्तपदी चालली ती तशीच. संध्याकाळी कामठीला जायला गाडी दाराशी आली, तेव्हा मी विचारलं, पदर तरी घेतेस का, तिथे सगळं नवं आहे.

"कशाला?" ती म्हणाली. "ज्यांना पाहायचं होतं त्यांनी पाहिलं." आणि गाडीत खिडकीशी बसून तिने काच खाली केली.