अर्धा तास माझा, अर्धा कंपनीचा

माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या घरांमध्ये एक स्टीलचं भांडं फिरत असे. माहेर एकच, शाळेचा बाक एकच, आणि लग्न होऊन पडलोही अंजूर गावात, एकाच आळीत. माझ्याकडून कालवण गेलं की तिच्याकडून त्यात काहीतरी यायचं. अगदीच काही नसलं तर मूठभर तांदूळ, पण भांडं कधी रिकामं आलं नाही. गोदामातली नोकरीही मला तिनेच लावून दिली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाईला उपकाराची जाण नाही.

गोदामात परदेशातून साबणाच्या वड्यांचे खोके येतात. प्रत्येक वडीवर किमतीचं लेबल चिकटवायचं, हे आम्हा बायकांचं काम. एका पॅलेटला, म्हणजे लाकडी फळीवर रचलेल्या खोक्यांच्या थप्पीला, चार तास ठरवून दिलेले. जास्त लागले तरी तासाचा पगार कापला जात नसे. लवकर झालं, तर वाचलेल्या वेळेचा पगार निम्मा आमचा, निम्मा कंपनीचा. म्हणजे तीन तासांत उरकलं, तर तीन तासांचा पगार आणि वर अर्ध्या तासाचा बोनस. लगेच दुसरं पॅलेट घ्यायचं. फळ्यावर ठळक लिहिलेलं होतं की कामाची पद्धत बदलली नाही, तर ठरलेली वेळ कधीच कमी होणार नाही. त्या ओळीवर माझा देवावर नसेल एवढा विश्वास होता.

सगळ्याजणी एकेक वडी काढायच्या, लेबल लावायच्या, परत ठेवायच्या. मला त्याचा कंटाळा आला. एकदा मी इडलीपात्र उलटं करावं तसा अख्खा खोकाच टेबलावर पालथा केला. वड्या जशाच्या तशा ओळीत बसल्या, पाठी वर. सरळ ओळीने लेबलं लावली, वरून खोका घातला आणि पलटी मारली. पहिल्या दिवशी दोन खोके सांडले, शिव्या खाल्ल्या. पण महिन्याभरात हात असा बसला की चार तासांचं काम तीन तासांत व्हायला लागलं.

त्या बोनसवर मी रविवारची जादा ड्युटी सोडली. रविवार! किती वर्षांनी माझ्या वाट्याला आला होता. नवरा खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या, आणायचा, मी कालवण करायचे, लेकीला घेऊन दुपारी लोळायचे. आणि भांडं भरून मैत्रिणीकडे जायचं, ते सांगायला नकोच.

तेवढ्यात मैत्रीण लाइन लीडर झाली, म्हणजे आम्हा बायकांवरची मुकादम. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली. "माज्या हातानं व्हत न्हाय गो. एकदा दाखव ना. मोबाइलमदी घेते, घरी बघून शिकीन."

मी दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, तर तिला नीट दिसावं म्हणून खास हळू केलं. काय हुशार मी!

पुढच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना भिंतीवरच्या टीव्हीसमोर बोलावलं. पडद्यावर माझे हात होते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनीही वाजवल्या. मग ते म्हणाले, "आजपासून सगळ्यांनी असंच करायचं. पॅलेटला तीन तास."

मी फळ्याकडे बोट दाखवलं. "साहेब, वेळ कमी होणार न्हाय, असं लिवलंय तिथं."

"वेळ कुठे कमी केली, ताई? पद्धत बदलली. नव्या पद्धतीची नवी वेळ."

नियम एका अक्षरानेही मोडला नव्हता. तीन तासांचं काम मी तीन तासांतच करत होते, त्यामुळे माझा बोनस शून्य. आपलाही बोनस गेला, हे टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना उमगायला थोडा वेळ लागला, आणि मग त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. शेजारच्या म्हातारीने तोंडावर सुनावलं, "तुला कुनी सांगितलेलं शानपना दाखवायला?"

मी मैत्रिणीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"घरी बघून शिकनार व्हतीस ना?"

"साहेबांनी व्हिडिओ मागितला गो. नवीन पोस्ट हाय माजी, न्हाय कसं म्हनू? आनि बोनस काय, आज ना उद्या बंदच झाला असता."

साहेबांचा मला राग नाही, त्यांच्याकडून मी कसली अपेक्षाच ठेवली नव्हती. हिने मात्र मला विकलं. तेही माझ्याच डब्यातली भाकरी खात.

रविवारची ड्युटी पुन्हा सुरू झाली. लाइन लीडरला रविवारी सुट्टी असते. परवाच्या रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. मावशीने निवट्यांचं कालवण पाठवलंय म्हणाली, खूप छान झालंय. मग तिने विचारलं, "आई, भांडं परत देताना त्यात काय घालू?"

माझ्यासमोर पालथा खोका होता आणि हातात लेबलांची पट्टी.

"काय नको," मी म्हटलं. "घासून रिकामंच दे."