दुरुस्तीनंतरची रांग

अकोल्याच्या कृषी कार्यालयात मी कंत्राटी संगणकवाला होतो. बियाण्यांच्या तक्रारी नोंदवायचा प्रोग्राम सर्व्हरवर झकास चालायचा, बाकीच्या टेबलांवरून उघडायचाच नाही. साहेबांनी लेखी आदेशच काढला: सगळ्यांनी सर्व्हरवरच येऊन नोंदी कराव्यात.

मी अतिहुशार. दोन दिवस सर्व्हरवरच्या लिनक्सच्या फायरवॉलला, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या पहारेकऱ्याला, शिव्या घातल्या, शेवटी ती बंदही करून पाहिली. फरक शून्य. मग कुठे बघितलं, तर प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनचं ऐकत बसलेला. तो सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर ऐकेल असं केलं, फायरवॉल पुन्हा लावून ऑफिसपुरता त्याचा एकच पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, उघडला. प्रत्येक टेबलावर चाललं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरपुढे तीच रांग.

"आता कावून?" मी विचारलं.

"मशीन दुरुस्त झाली," रांगेतले एक बाबू म्हणाले. "आदेश कुठी झाला?"