एक वाजताचा आवाज

बाबा गेल्यावर आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: त्यांचा आवाज बंद कर.

आई-बाबांच्या मुलुंडच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर मी एक स्पीकर बसवला होता. त्याला जोडलेल्या छोट्याशा कॉम्प्युटरवर माझाच प्रोग्रॅम चालायचा. सकाळच्या गोळीची आठवण माझ्या आवाजात, दुपारच्या गोळीची बाबांच्या. बाबांनी हौसेने रेकॉर्ड केलं होतं, "अगं, गोळी घेतलीस का? नुसतं हो म्हणू नकोस, घे." कोणती आठवण कधी, चालू की बंद, हे सगळं एका यॅमल फाईलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमची सेटिंग्ज लिहायच्या साध्या मजकुरात. या फाईलीत कंस-बिंस फारसे नसतात. ओळ किती जागा सोडून सुरू होते, त्यावर ती कुणाच्या पोटात आहे हे ठरतं. अंधेरीच्या ऑफिसात मी दिवसभर हाताखालच्या पोरांच्या अशाच फाईली तपासते आणि त्यांना टोमणे मारते.

तेराव्यानंतर मी घरी बसल्याबसल्या बाबांच्या नोंदीत off लिहिलं आणि विषय संपला.

काही दिवसांनी आई फोनवर म्हणाली की दुपारी हे बोलतात. मी फाईल उघडून पाहिली. off होतं. आईला तसं सांगितलं, जरा समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं. पुढच्या आठवड्यात तिने तेच दादाला सांगितलं. बोरिवलीत दादाकडे चक्रं फिरली. वहिनीने खोली रिकामी केली, दादाने डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला बजावलं, आई आता एकटी राहायची नाही. मीही "हो रे" म्हणाले. त्यानंतर आईने आवाजाचं नाव काढणं सोडलं. ते मला जास्त भीतीदायक वाटलं.

म्हणून एक दिवस रजा टाकून गेले. आईने वांग्याची भाजी केली होती. घर शांत. एकला फळीवरून बाबा म्हणाले, "अगं, गोळी घेतलीस का?"

मी वळून फळीकडे पाहिलं. आई शांतपणे भात कालवत होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी लॅपटॉप उघडला. कारण इतकं फालतू की हसावं की रडावं कळेना. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं off ही फाईल वाचणारी यंत्रणा शब्द म्हणून घेतच नाही. तिच्या जुन्या नियमात त्याचा अर्थ 'असत्य'. माझा प्रोग्रॅम मात्र off हा शब्द शोधत बसलेला. तो सापडेना, म्हणून बाबा चालूच. आजवर काही बंद करायची वेळच आली नव्हती, तेव्हा तपासणार कोण? वेळेच्या आकड्याला मात्र मी आठवणीने चिन्हं घातली होती, कारण उघडं 13:00 लिहिलं की तेरा गुणिले साठ होऊन ७८० बनतं, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा सुकलाय. एवढी शहाणी मी.

"आई, चूक माझी आहे. आत्ता बंद करते."

"थांब," आई म्हणाली. "आधी दादाला ऐकू दे."

रविवारी दादा आला. जेवताना तो आईला नव्या खोलीच्या खिडकीबद्दल सांगत होता. एक वाजला. बाबा बोलले. दादाचा घास हातातच राहिला. मग त्याने ताटाकडे बघत विचारलं, "रोज?"

"रोज. मी सांगितलं होतं ना रे?"

डॉक्टरांची वेळ त्याने जेवणानंतर गॅलरीत जाऊन रद्द केली. खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

"आता कर बंद," आई मला म्हणाली.

मी ओळ नव्याने लिहिली, या वेळी "off" अवतरणचिन्हांत. जागा सोडायला स्पेस द्यायची तर टॅब दाबला गेला. यॅमलला तिथे टॅब चालत नाही. फाईल वाचलीच गेली नाही, प्रोग्रॅम उठेना. तो टॅब काढला, तर ओळ पार डावीकडे आली, बाबांच्या नोंदीतून निसटून सगळ्या यंत्रालाच लागू झाली आणि माझी सकाळची आठवणही बंद. दादा पाठीमागून म्हणाला, "ऑफिसात पगार देतात ना तुला?" शेवटी दोन स्पेस देऊन ओळ बाबांच्या नोंदीत परत आणली. मग घड्याळाची वेळ खोटी लावून तीनदा पाहिलं. फळी गप्प राहिली. तिघंही तिच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दीडला ऑफिसातून आईला फोन केला. गोळी घेतलीस का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि जेवलीस का विचारलं.

"आत्ता बसतेय," ती म्हणाली. "एकपासून ताट वाढून ठेवलं होतं. आले नाहीत."