परक्या नावाला ओ

लेकीच्या छातीतली गाठ वाईट निघाली, त्या दिवसापासून मी देवळात तोंड उघडलं नव्हतं. जायची, घंटा वाजवायची, तेलवात करायची, पण मागणं काही नाही. आमच्या गावात, राजापूर तालुक्यात आमचं गाव आहे, कुणाचं काही अडलं की देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी नारळ पुढे ठेवतो, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घेतो आणि एकेक मागणं मांडतो. प्रत्येक मागण्याला मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. ते कुणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्धवट राहतं. आमच्या घराकडे हा मान आहे आणि गेली कितीतरी वर्षं माझे यजमानच गाऱ्हाणं घालतात. लेकीसाठी त्यांनी घातलं तेव्हा सगळ्यांनी होकार दिला, मी दिला नाही. ओठ शिवल्यासारखे झाले. मनात एवढंच होतं की आयुष्यभर या माणसाने गावाचं ओझं तुझ्या पायाशी आणून टाकलं, आणि त्याच्याच लेकीला तू हे दिलंस होय?

लेक अमेरिकेत एकटी. जावई दोन वर्षांमागे वेगळा झाला. ऑपरेशन सकाळी करून संध्याकाळी घरी सोडणार होते, पण घरी न्यायला आणि रात्री जवळ राहायला कुणीतरी मोठं माणूस हवंच, नाहीतर तारीख पुढे जाईल, असं तिथल्या लोकांनी तिला बजावलं होतं. म्हणून आम्ही निघालो. विमान ज्या दिवशी उतरणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. आधीचं विमान मिळालं नाही आणि नंतरचं घेऊन उपयोग नव्हता.

घोळ पासपोर्टात होता. माझा भाचीने नीट भरला होता, नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. यांचा रत्नागिरीत एका एजंटाकडून केलेला. त्या बाबाने नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सगळं नावाच्याच रकान्यात कोंबलं आणि आडनावाची जागा मोकळी ठेवली. अमेरिकेच्या व्हिसावर तसं चालत नाही. तिथे आडनाव लागतंच, म्हणून त्यांनी ती अख्खी माळ आडनावात टाकली आणि नावाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं छापली, एफ, एन, यू. नाव माहीत नाही, असा त्याचा अर्थ. बदलायचं तर आधी पासपोर्ट नवा आणि मग व्हिसा नवा, आणि तेवढा वेळ कुणाला होता. लेक फोनवर म्हणाली, "असे पुष्कळ लोक येतात आई, काळजी करू नको." मी काळजी केलीच.

इतका लांबचा प्रवास मी जन्मात केला नव्हता. पाय सुजून चपलेत मावेनात. इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून कंबर मोडायची वेळ आली. काउंटरवरच्या साहेबाने आम्हा दोघांना एकत्रच पुढे घेतलं. कशाला आलात, कुठे राहणार, किती दिवस, खायचं काय आणलंय, हे सगळं लेकीने आम्हाला पढवून ठेवलं होतं. सुकट मी घरीच ठेवली होती, कोकमं आणि फणसपोळी आहे म्हणून सांगितलं. फोटो निघाला. मग काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवायची. माझी लगेच उमटली. यांची काही केल्या उमटेनात. चिरेखाणीत उभा जन्म गेला, दगडाने बोटांवरच्या रेघा पार घासून नेल्यात. मुंबईला व्हिसाच्या वेळीही हाच खेळ झाला होता. साहेबाने तीनतीनदा ठेवायला लावली, मग पडद्याकडे बघत बसला, पासपोर्ट एका पाकिटात घातले आणि दुसऱ्या एकाला हाक मारली. तो आम्हाला वेगळ्या खोलीत घेऊन गेला.

त्या खोलीत नुसत्या खुर्च्या, समोर उंच काउंटर आणि फोन वापरायचा नाही अशी पाटी. बाहेर लेक वाट बघत असणार आणि तिला कळवायचीही सोय नाही. आमची पाकिटं काउंटरवरच्या चळतीत गेली. एकेकाचं नाव पुकारत होते आणि माणसं उठून जात होती. आमच्या मागून आलेलीही गेली. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर राग यांचाच आला होता. हे आपले हात मांडीवर ठेवून एस्टी स्टँडवर बसावं तसे बसलेले.

"आपलं नाव कधी घेणार हे लोक?" मी म्हटलं.

"घेतील गो. माणसं काय कमी हायत?"

मधेच काउंटरवरून "फनू" असं कुणीतरी ओरडलं. कुणी उठलं नाही. परत ओरडलं, परत कुणी नाही, आणि ते पाकीट चळतीच्या खाली गेलं. आमच्या शेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक म्हातारी बाई बसली होती. ती माझ्याकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "बहन, वो शायद तुम्हारे आदमी को बुला रहे हैं. जिसका नाम अधूरा हो, उसको यहाँ यही कहते हैं. मेरा भी यही नाम है." तिने आपला कागद दाखवला. मला इंग्रजी वाक्य वाचता येत नाही, पण अक्षरं येतात. तीच तीन अक्षरं होती. ती आता उठली नाही, कारण तिचं पाकीट मघाशीच पुकारून झालं होतं. ती कुठली, तिचं काय अडलं होतं, मी काही विचारलं नाही. पण ती बाई तिथे बसली नसती तर आम्ही संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिलो असतो.

हे सावकाश उठले आणि काउंटरशी जाऊन म्हणाले, "येस सर." मी पाठोपाठ. तिथल्या साहेबाने टेलिफोन मोठ्या आवाजात लावला आणि त्यातून चक्क मराठी ऐकू आलं. दुभाषी बाई होती, कुठल्या गावात बसून बोलत होती देव जाणे. तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणत होता, तुमच्यासारख्याच नावाचा आणि एक जून हीच जन्मतारीख असलेला एक माणूस पूर्वी जहाजावरून उतरून इथे पळाला होता. तो तुम्हीच का? आता एक जून ही आमच्याकडे अर्ध्या गावाची जन्मतारीख. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. पण हे त्या साहेबाला कोण सांगणार? परत पाठवलं तर लेक उद्या कुणाच्या आधाराने घरी येणार, एवढं एकच डोक्यात.

दुभाषी बाईने विचारलं, "आजोबा, फनू हे तुमचं नाव आहे का?"

हे शांतपणे म्हणाले, "नाव माजा नाय ता. पण हाक मलाच मारलेली हाय, म्हणून मी आलो. साहेबांस सांगा, आमच्या वाडीत माज्या नावाचे आम्ही दोघे आव. हाक आली की दोघेही उठतो. ज्याचा काम नसेल तो परत जाऊन बसतो. साहेबांनी बघावं, मी नसेन तर बसतो."

बाईने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला नाही, पण त्याने पेन खाली ठेवलं. मग मला विचारलं, नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते तोंडाने घेतलेलं नाही. आमच्यात घेत नाहीत. पण आता कसली लाज? मी म्हटलं, "दत्ताराम गोविंद तेरवणकर." यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

साहेब म्हणाला, त्या माणसाचे ठसे आमच्याकडे आहेत. तुमचे उमटले की उलगडा होईल, तोवर बसा. म्हणजे सगळं परत त्या झिजलेल्या बोटांवर येऊन ठेपलं. आम्ही खुर्चीवर आलो. यांनी डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. नारळ नाही, देऊळ नाही, आणि गाऱ्हाणं! मी कान दिला तर मागणं आमच्यासाठी नव्हतंच. "बा देवी महाराजा, हा जो साहेब तिथे बसलाय, सकाळधरनं माणसा तपासून दमलाय, त्याच्या कामास यश दे महाराजा." मग थांबले. होकारासाठी थांबले. त्या खोलीत होकार द्यायला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं? मी इतकी दमले होते की रुसायलाही अंगात जोर उरला नव्हता. माझ्याकडे आता ना युक्ती, ना भाषा, ना राग. मी म्हटलं, "व्हय महाराजा." इतक्या महिन्यांनी. छातीवरची धोंड खाली ठेवल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने साहेब स्वतः काउंटरच्या बाहेर आला. त्याने आपली चार बोटं आपल्या कपाळावर घासून दाखवली आणि यांनाही तसंच करायला खुणावलं. दुभाषी बाई फोनवरून म्हणाली, कपाळाचं तेल बोटांना लागलं की ठसे बरे उमटतात. यांनी बोटं कपाळाला लावली, जशी देवीच्या पायरीला लावून कपाळाला लावतात तशीच, आणि काचेवर ठेवली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा दिवा हिरवा झाला. साहेबाने पडदा बघितला, मान हलवली. तो पळालेला माणूस हे नव्हते. मुंबईला दिलेल्या ठशांशी मात्र ठसे जुळले होते. सहा महिने राहता येईल, जा, म्हणाला. हा चमत्कार होता की साहेबाला आपलं काम येत होतं, यावर मी वाद घालणार नाही. दुसऱ्या कुणी बाहेर येऊन पुन्हा प्रयत्न केला असता की नाही, मला माहीत नाही. निघताना मी त्या ओढणीवाल्या बाईचा हात धरला. तिचं अजून झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉस्पिटलात गेलो. तिथे पासपोर्टातला व्हिसा बघून भेटायला येणाऱ्यांच्या छातीवर नावाची चिकटपट्टी लावतात. यांच्या पट्टीवर पुन्हा तीच तीन अक्षरं. लेक खाटेवर होती, हातात सुई. तिने ते वाचलं आणि हसली. "बाबा, हे काय?"

"माजा हितला नाव," हे म्हणाले.

तिला आत न्यायला माणूस आला तेव्हा यांनी खाटेची कड धरली आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बा देवी महाराजा, आज हे जे तुझं लेकरू..." आणि पुढे नाव येईना. गावातल्या पोराटोरांची, मुंबईकरांच्या नातवंडांची, जीभ अडखळेल अशी नावं या माणसाने देवीपुढे घेतली. चुकीची घेतली तरी घेतली. मी त्यावरून चिडवायची सुद्धा. आणि पोटच्या पोरीचं नाव घशातून बाहेर पडत नव्हतं. खाट हलली. लेक बघत होती.

मी नावाची वाट बघितली नाही. "व्हय महाराजा," मी मोठ्याने म्हटलं. तिथली नर्स वळून बघायला लागली.

संध्याकाळी लेकीला आम्ही दोघांनी घरी आणली. अजून तपासण्या चालू आहेत, पुढचं पुढे. नाव राहूनच गेलं होतं, पण गाऱ्हाणं कोणासाठी ते देवीला कळलं असणार, एवढं मला पुरतं.