काळ्या कोटाची कच्ची फाइल

ड्रायक्लीनर आणि चावीवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात रफूताई एकवीस वर्षं बसत होत्या. कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायचे, फाटलेल्या जागी विणीच्या चालीने भरायचे, आणि मग गिऱ्हाइकाने "कुठे फाटलं होतं हो?" असं विचारायचं, हीच त्यांच्या कामाची पावती. अडचण एवढीच की असं काम कुणाला दाखवता येत नाही. दिसलं, तर ते चांगलं नाही.

आणि नेमकं दाखवायचीच वेळ आली. शहरातल्या संग्रहालयात जुन्या लोकरी शालींचा मोठा साठा होता आणि त्यांना कायमची रफूगार हवी होती. तिथल्या मॅडमनी सांगितलं, केलेल्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो शुक्रवारी पाचच्या आत पाठवा. धागे मोजता आले पाहिजेत. ताईंचे डोळे आता दिवसभराच्या घाईच्या कामाने शिणत होते. शालीचं काम म्हणजे चांगला उजेड, मोठं टेबल आणि "ताई, संध्याकाळपर्यंत द्या हं" म्हणणारं कुणी नाही. ही नोकरी त्यांना मनापासून हवी होती.

हाताशी वकीलसाहेबांचा काळा लोकरी कोट होता, कोपरापाशी खिळ्याने चांगला बोटभर फाटलेला. फोटोसाठी ताईंनी दादाला बोलावलं आणि वहिनींनी कपाळाला हात लावला.

दादा वीजमंडळातून निवृत्त झाला आणि फोनमधल्या एका बटणाने त्याचा ताबा घेतला. ते दाबलं की फोन तयार फोटोऐवजी सेन्सरवर पडलेला उजेड जसाच्या तसा साठवतो. दादा त्याला कच्ची फाइल म्हणे आणि तयार फोटोला, म्हणजे जेपेगला, नाक मुरडे. "जेपेग म्हणजे फोनने आपल्या वतीने घेतलेला निर्णय," तो म्हणायचा. वीजमंडळात बत्तीस वर्षांत त्याने स्वतः एकही निर्णय घेतला नव्हता. ती हौस आता फिटत होती. गॅसची पावती कच्ची, गच्चीवरची मांजर कच्ची, शेजाऱ्यांच्या गाडीवरचा ओरखडा कच्चा. जेपेग तीन-चार एमबीचं, तर ही एकेक फाइल पंचवीसची. फोन आठवड्यातून दोनदा भरायचा. शिवाय कच्ची फाइल उघडली की मरगळलेली, करडी दिसते. उजेड, रंग, धार सगळं आपल्या हाताने बसवावं लागतं. दादा एका फोटोला तीन दिवस घ्यायचा आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

"वन्सं, लेकीच्या साखरपुड्याचे फोटो अजून यायचेत," वहिनी म्हणाल्या. "नातू चालायला लागला."

"त्यात पिवळे दिवे होते," दादा म्हणाला. "घाई करून चालत नाही."

"माझ्या फोनने त्याच दिव्यांत छान काढले. तुझ्यात सगळ्यांच्या गालांवर रवा सांडल्यासारखं दिसतं."

हे मात्र खरं होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये वहिनींचा फोन एका दमात पाच-सात फोटो घेऊन, जुळवून, दाणे पुसून एकच देई. दादाच्या कच्च्या फाइलीत एकाच क्षणाचा उजेड असे आणि सगळे दाणे. म्हणून वहिनींनी हुकूम सोडला होता: प्रत्येक वेळी कच्ची आणि जेपेग, दोन्ही साठवायच्या. निदान घरच्यांना तोंड दाखवता येईल.

दादा तिवई घेऊन गाळ्यात आला. कोट खिडकीपाशी टांगला, फोन बसवला, हात न लावता दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावलं. फाटलेला कोट सोमवारी काढला, रफू झालेला बुधवारी. "शुक्रवारी सकाळी तयार," म्हणाला. ताईंना आपल्या भावाच्या सकाळी माहीत होत्या. म्हणून गुरुवारी संध्याकाळी, वकीलसाहेब कोट न्यायला आले तेव्हा, त्यांनी ट्यूबलाइटखाली आपल्याच फोनने पटकन एक फोटो काढला आणि मॅडमना पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारी दोनला मॅडमचा फोन आला.

"ताई, इथे तर नुसतं डांबर दिसतंय."

"रफू दिसत नाही म्हणता?" ताई जरा सुखावल्या.

"रफू नाही, आणि कापडही नाही. वीण कुठे आहे? सॉफ्टवेअरने फाटकं पुसून टाकलंय असंही कुणी म्हणू शकेल. पाचपर्यंत बघा दुसरं काही असलं तर."

दुसरं काही म्हणजे दादाची न शिजलेली फाइल. वकीलसाहेब कोट घालून परगावी गेले होते.

ताई दादाकडे पोचल्या तेव्हा तो संगणकासमोर बसून कोटामागच्या भिंतीचा रंग नीट करत होता.

"भिंत कुणी मागितली?" ताईंनी स्टूल ओढलं. "कोट दाखव. दोन्ही शेजारी लाव."

डावीकडे दादाच्याच फोनचं जेपेग, उजवीकडे त्याच क्षणाची कच्ची फाइल. जेपेगमध्ये कोटाची कड सुरीसारखी धारदार आणि आत सगळं काळं सपाट. काळ्यातली बारीक वीण म्हणजे घाण समजून फोनने ती पुसली होती. कच्च्या फाइलीत आधी काहीच चांगलं नव्हतं. दादाने सावल्यांची पट्टी सरकवली. काळं उघडत गेलं आणि तिरप्या रेषा वर आल्या, दोन धागे वर, दोन खाली, प्रत्येक ओळ एकेक घर सरकत. थोडे दाणेही आले, पण धागे धाग्यांसारखे दिसत होते.

"आता धार वाढवतो," दादा म्हणाला.

"नको. लोकर आहे, तार नव्हे. आणि हा कोट निळसर काळा आहे, तू चॉकलेटी केलायस."

"तू माझ्याआधी रंग ओळखलास?"

"चार दिवस डोळ्यांसमोर होता माझ्या. थांब. इथे मोठं कर."

चौथ्या ओळीत सुई दोनाऐवजी तीन धाग्यांवरून गेली होती. एकाच ठिकाणी. ताईंच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. भिंगाखालीही सुटलेली चूक फोटोत ढळढळीत बसली होती.

"घासून टाकू का?" दादाने हळूच विचारलं. "एका टिचकीचं काम आहे."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजले होते. जेपेग पाठवलं तर चूक नव्हती, पण कामही नव्हतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आहे तसं पाठव."

दादाने पंचवीस एमबीची फाइलच जोडायला घेतली. तोच खरा पुरावा, असं त्याचं म्हणणं. वहिनी दारातून म्हणाल्या, "त्यांच्याकडे उघडणार नाही ती. उघडली तरी तुझ्या तोंडासारखी करडी दिसेल. जेपेग करून पाठव." इतका खटाटोप करून शेवटी जेपेगच करायचं, हे दादाच्या जिवावर आलं. पण केलं. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही, पाचला दहा कमी असताना.

साडेपाचला फोन आला.

"ताई, मोजले धागे. चौथ्या ओळीत एक घर चुकलंय."

"हो. मलाही आजच दिसलं."

"बाकी सगळी वीण बरोबर आहे. सोमवारी या, एक शाल हातात देते. फोटो आमचा माणूस काढेल, त्याच्याकडे दिवे आहेत." मग म्हणाल्या, "तुमचा फोटोवाला कामाचा आहे हो. फक्त वेळ किती घेतो?"

"सांगण्यासारखं नाही," ताई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी वकीलसाहेबांचा नंबर लावला. परगावच्या कोर्टाबाहेर ते कुणाशी तरी बोलत होते.

"साहेब, मंगळवारी परत आलात की कोट आणून द्या. एक ओळ उसवून परत घालायची आहे."

"का? मला तर काहीच दिसत नाही."

"मला दिसलंय," ताई म्हणाल्या. "दिवसभराचं काम आहे. येताना दुसरा कोट घालून या."